मदत कोणत्या काठावर आहे?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी इथल्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. फळ्यावर नदी काढताना ते आधी दोन काठ काढत आणि मग मधली जागा निळ्या खडूने भरत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. मला आज काठांबद्दलच बोलायचे आहे. पूर आला की मदत किती आली हे आपण मोजतो. किती ट्रक, किती टन, किती पाकिटे. माझी सारी नोकरी पुरवठा खात्यात, धान्याच्या गोदामावर गेली. त्या अनुभवावरून सांगतो, की पुरात पहिला प्रश्न मदत किती आहे हा नसतो. मदत नदीच्या कोणत्या काठावर आहे, हा असतो.

ऑगस्ट २०१९ मधला एक दिवस मी विसरू शकत नाही. आमच्या गोदामात गव्हाच्या आणि तांदळाच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या होत्या. कागदावर तालुक्याला धान्य कमी नव्हते. आणि गोदामापासून अवघ्या काही किलोमीटरवरच्या, पलीकडच्या काठावरच्या गावातून फोन येत होते, की चुली विझल्यात, काहीतरी पाठवा. मधे रस्ता नव्हता. हमाल होते, चलन तयार होते, ट्रक दारात उभा होता. तीन दिवस तो ट्रक तसाच उभा राहिला. त्या तीन दिवसांत मला जे कळले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पूर रस्ते क्रमाने बंद करतो

कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि कोकणातला पूर यांत मोठा फरक आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा लोकांना सामान वर चढवायलाही उसंत मिळाली नाही. तिथे नद्या आखूड आहेत, उतार तीव्र आहे, वर भरती असेल तर पाणी तुंबते. देशावर पंचगंगा, कृष्णा, वारणा, दूधगंगा या नद्यांचे पाणी फुटाफुटाने चढते आणि तसेच रेंगाळत उतरते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलावर हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आयर्विनला ५७ फुटांच्या वर. इतके पाणी एका रात्रीत येत नाही. त्याआधी कितीतरी दिवस वर्तमानपत्रात रोज एक ओळ छापून येत असते, की आज इतके बंधारे पाण्याखाली गेले.

ही ओळ आपण हवामानाची बातमी म्हणून वाचतो. माझ्यासारख्या माणसाने ती रस्त्यांची बातमी म्हणून वाचायला हवी. कारण आपल्याकडचे बंधारे हे नुसते पाणी अडवायचे बांध नाहीत. त्यांच्यावरून माणसे, सायकली, ट्रॅक्टर जातात. बंधारा पाण्याखाली गेला म्हणजे दोन गावांमधली जवळची वाट गेली. मग सखल जागचे छोटे पूल जातात, मग ओढ्यांवरच्या मोऱ्यांवर नदीचे पाणी उलटे चढते. नदी अजून गावापासून लांब असते आणि ओढ्यामुळे गाव तुटलेले असते. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. रेडेडोह फुटला हे शब्द कानावर आले, की आंबेवाडी-चिखलीकडची माणसे जनावरांची दावी सोडायला लागतात. आणि सगळ्यात शेवटी महामार्ग. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि तो जवळपास आठवडाभर बंद राहिला. हजारो ट्रक दोन्ही बाजूंना अडकले. कोल्हापूर शहरात पेट्रोल, गॅस, भाजी यांची टंचाई झाली. २०२१ मध्ये तोच महामार्ग त्याच भागात पुन्हा बंद पडला.

सांगायचा मुद्दा असा, की रस्ते अचानक बंद होत नाहीत, क्रमाने बंद होतात, आणि हा क्रम दर पुराला जवळजवळ तोच असतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला तो पाठ असतो. अमक्या मोरीवर पाणी आले की एसटी बंद, तमक्या वडापर्यंत आले की दूधगाडी बंद. पण हे ज्ञान गोदामाच्या नोंदवहीत नसते. गोदामात गावांची यादी असते, अंतर असते, वाहतुकीचा दर असतो. अमुक फुटाला अमुक गावाचा रस्ता बंद होतो, हा रकाना कुठेच नसतो. तो एक रकाना आमच्याकडे असता, तर २०१९ मध्ये दारात उभा राहिलेला तो ट्रक दोन दिवस आधी निघाला असता.

एका गावाचा हिशेब

आता मी एक हिशेब मांडतो. गाव कल्पनेतले आहे, पण शिरोळ, करवीर किंवा पलूस तालुक्यात अशी गावे तुम्हाला सहज सापडतील. वस्ती ५००० माणसांची, जनावरे २०००. गाव चारही बाजूंनी पाण्याने वेढलेले. आपल्या हातात एक रबरी मोटरबोट आहे. ती एका खेपेला पाच क्विंटल, म्हणजे ५०० किलो माल सुरक्षित नेते असे धरू. माल चढवणे, प्रवाहातून जाणे, उतरवणे आणि परत येणे यात एक तास जातो. अंधारात बोट घालायची नसते, कारण पाण्याखाली विजेच्या तारा, कुंपणे, उसाचे फड असतात. म्हणजे दिवसाला आठ खेपा, चार टन माल.

माणशी दिवसाला अर्धा किलो कोरडे अन्न धरले तर ५००० माणसांना अडीच टन लागते. पाच खेपा. जमण्यासारखे आहे.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी अगदी कमीत कमी तीन लिटर पाणी. त्याचे झाले १५,००० लिटर, म्हणजे १५ टन. तीस खेपा. इथे आपली एक बोट संपली. पाण्यासाठीच चार बोटी हव्यात.

आता जनावरे. एका जनावराला दिवसाला १५ किलो चारा धरला, हे काही पोटभर नव्हे, तरी २००० जनावरांना ३० टन. साठ खेपा. सगळे मिळून दिवसाला ९५ खेपा, म्हणजे बारा बोटी. एका गावाला. आणि अशी गावे एका तालुक्यात दहा-वीस असतात. इतक्या बोटी कुठूनही येणार नाहीत.

पण हाच हिशेब उलटा करून बघा. अन्न हे तिन्हींत सगळ्यात हलके निघाले, आणि आपण धावपळ करतो ती अन्नासाठी. पाणी अन्नाच्या सहापट जड आहे. पुरात बाटलीबंद पाण्याचे खोके बोटीत भरलेले पाहिले की माझा जीव तुटतो. गावाच्या भोवती पाणीच पाणी आहे, आपण त्या पाण्यातून पाणी वाहून नेतो आहोत. ६७ मिलिग्रॅमची क्लोरीनची एक गोळी २० लिटर स्वच्छ दिसणारे पाणी निर्जंतुक करते. १५,००० लिटरला ७५० गोळ्या लागतील. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळायचे, सुती कापडाच्या घड्यांतून गाळायचे, गोळ्या दुप्पट घालायच्या आणि अर्धा तास थांबायचे. दुप्पट धरूनही १५०० गोळ्या झाल्या. त्या एका कापडी पिशवीत मावतात. तीस खेपांचे काम एका पिशवीने केले. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायची. पुराच्या पाण्यात तेल, डिझेल, शेतातली औषधे मिसळलेली असतात, त्यांच्यावर क्लोरीन चालत नाही. म्हणून वाहत्या पुरातून पाणी घ्यायचे नाही. न बुडालेली उंच टाकी, पागोळीचे पाणी, न बुडालेला हातपंप, हे आधी. आणि लहान बाळे, आजारी माणसे यांच्यापुरत्या बाटल्या न्यायच्याच.

जनावरांचा चारा बोटीने पोचवता येत नाही, हे ९५ मधल्या साठ खेपा स्पष्ट सांगतात. तेव्हा जनावरे पाण्याआधी हलवणे हाच एक उपाय उरतो. इथे नुसत्या जनावरांचा जीव वाचत नाही. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत माणसे गोठ्यातल्या म्हशीसाठी मागे थांबली होती. म्हैस सुरक्षित जागी गेली की घरातली माणसे आपण होऊन निघतात. ती निघाली की त्यांचे अन्न नको, पाणी नको, आणि शेवटी त्यांना काढायला बोटही नको. उंचावर जनावरांची छावणी, तिथे आधी आणून ठेवलेला कडबा आणि पेंड, ही माणसांच्या सुटकेची पहिली पायरी आहे. मदतीच्या आराखड्यात ती शेवटच्या पानावर असते.

असा हिशेब झाला, तर ज्या गावाला बारा बोटी लागत होत्या, तिथे एक बोट पुरते. अन्नाच्या पाच खेपा, आणि उरलेल्या तीन खेपा गरोदर बाया, डायलिसिसचे रुग्ण, इन्सुलिन यांच्यासाठी. परत येताना बोट कधी रिकामी नसते, हेही ध्यानात घ्या. त्या एका बोटीसाठी पेट्रोल आणि त्यात मिसळायचे तेल मात्र आधी साठवलेले हवे. मोठे मोटर-इंजिन पूर्ण वेगाने तासाला दहा लिटरहून अधिक पेट्रोल पिते, आणि महामार्ग बंद पडला की शहरात सगळ्यात आधी पेट्रोलच संपते. बोट आहे पण इंधन नाही, अशी वेळ येऊ देता कामा नये.

आणि बोटीत किती माणसे बसणार, हे बोटीवर मोठ्या अक्षरात रंगवलेले हवे. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून १७ माणसे गेली. बोटी कमी आणि घाबरलेली माणसे जास्त असली, की प्रत्येक खेपेला दोन माणसे जास्त चढतात. म्हणून बोटींवरचा बोजा कमी करणे हा गोदामवाल्याचा हिशेब असला तरी त्यावर जीव अवलंबून असतात. जो माल आधीच पलीकडच्या काठावर आहे, त्याला बोट लागत नाही.

माल आधी पोचवणे म्हणजे काय

मग माल आधी पलीकडे कसा न्यायचा? लोकांना वाटते, त्यासाठी मोठी गोदामे बांधावी लागतील, कोट्यवधींची खरेदी करावी लागेल. आपल्याच राज्यात वर्षानुवर्षे चालत आलेली एक पद्धत पाहा. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या दुर्गम आदिवासी गावांना पावसाळ्यात वाट राहत नाही, म्हणून नवसंजीवन योजनेत त्या गावांचे पावसाळ्याच्या चार महिन्यांचे धान्य पाऊस पडण्याआधी तिथे नेऊन ठेवतात. म्हणजे ही कल्पना आपल्या खात्याला नवी नाही. आपण ती डोंगरातल्या गावांसाठी मानली, नदीकाठच्या बागायती गावांसाठी मानली नाही. ऊस, द्राक्ष, दुधाच्या पट्ट्यातले गाव दुर्गम कसे असेल, असे आपल्याला वाटते. पण पाण्याने वेढलेले गाव आठ दिवसांसाठी मेळघाटाइतकेच दुर्गम असते.

मघाच्याच गावाचा हिशेब पुढे नेऊ. ५००० माणसांना सात दिवसांचे अन्न म्हणजे साडेसतरा टन. आता अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. गावातली ३५०० माणसे अशा रेशनकार्डांवर असली, तर त्यांचे एका महिन्याचे धान्यही नेमके साडेसतरा टनच होते. म्हणजे गावाच्या आठवड्याच्या पुरवठ्याइतके धान्य दर महिन्याला सरकारी ट्रकमधून त्या गावाकडे जातच असते. नवी खरेदी नको, नवे गोदाम नको. फक्त ऑगस्टचे धान्य जुलै लागायच्या आत तिथे असायला हवे. खर्च वाढत नाही, तारीख बदलते.

पण यात तीन अडचणी आहेत. त्या न सोडवता धान्य पाठवले तर ते वाया जाईल.

पहिली अडचण जागेची. स्वस्त धान्य दुकान बहुधा बाजारपेठेत, म्हणजे सखल भागात असते. तिथे धान्य ठेवले तर पुरात पहिल्यांदा तेच भिजेल. म्हणून शाळेचा वरचा मजला, उंचावरचे समाजमंदिर, अशी जागा हवी. इथे एक चूक हमखास होते. ५० किलोची ३५० पोती एका वर्गखोलीत सहज मावतात. पण वर्गखोलीचा मजला साधारणपणे चौरस मीटरला ३०० किलो भारासाठी आखलेला असतो. सहा बाय सहा मीटरच्या खोलीत साडेसतरा टन रचले तर हा भार जवळपास ४८६ किलो होतो. म्हणजे माल किमान दोन खोल्यांत, भिंतींच्या कडेने, कमी उंचीच्या थप्प्यांत लावायचा. खाली लाकडी फळ्या हव्यात, आणि थप्पी भिंतीपासून हातभर सोडून, म्हणजे हवा खेळेल आणि ओल चढणार नाही. जिथे इमारत जुनी आहे तिथे अभियंत्याला दाखवल्याशिवाय वरच्या मजल्यावर एक पोतेही चढवायचे नाही.

दुसरी अडचण शिजवण्याची. गहू आणि तांदूळ पुरात तसेच खाता येत नाहीत. गिरणी बंद, वीज नाही, लाकडे भिजलेली. म्हणून पहिल्या तीन दिवसांसाठी न शिजवता खाता येणारे अन्न हवे, आणि पुढच्या चार दिवसांसाठी सामुदायिक स्वयंपाकाची भांडी आणि गॅसच्या टाक्या, त्याही उंचावर. न शिजवता खायचे अन्न म्हटले की आपण बिस्किटांकडे धावतो. पण चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ हे इथल्या माणसांच्या पोटाला सवयीचे आहे, महिनोन्महिने टिकते आणि तालुक्याच्या बाजारात मिळते. सोलापूरकडची कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर कित्येक दिवस चालते. पाव आणि मऊ पोळ्यांना पावसाळी हवेत दोन दिवसांत बुरशी येते. पुराच्या काळात गावोगावच्या बायकांनी रात्रभर भाकऱ्या थापून पाठवल्या, त्या हातांना मी नमस्कार करतो. पण त्या ताज्या भाकऱ्यांचे पोते चोवीस तास नाक्यावर थांबले तर उघडताना आंबूस वास येतो. ताजे अन्न फक्त तिथेच पाठवायचे, जिथे ते त्याच दिवशी पोचेल.

तिसरी अडचण साठा जुना होण्याची. पूर दरवर्षी येत नाही. दोन वर्षे पूर आला नाही की खोलीतला माल किडतो, आणि तिसऱ्या वर्षी कुणी साठा करत नाही. यावर उपाय असा, की गूळ-फुटाणे-चुरमुरे विकत घेऊन ठेवायचेच नाहीत. मे महिन्यात त्याच गावातल्या किंवा शेजारच्या उंचावरच्या गावातल्या किराणा व्यापाऱ्याशी करार करायचा, की जून ते सप्टेंबर तुमच्या दुकानात अमुक इतका माल कायम शिल्लक राहील, भाव आजच ठरला, सांभाळण्याचे पैसे आम्ही देऊ. व्यापारी जुना माल विकत राहतो, नवा भरत राहतो, माल ताजा राहतो. रेशनचे धान्य तर त्याच महिन्यात वाटलेच जाते. वाया जायला काही उरतच नाही.

आणि एक गोष्ट. पलीकडचा काठ नेहमी आपल्याच जिल्ह्यात असतो असे नाही. खिद्रापूर कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. शिरोळकडून वाट बंद झाली, तरी अशा काही गावांना कर्नाटकाच्या बाजूने पोचता येऊ शकते. त्या बाजूच्या तहसीलदारांशी, तिथल्या व्यापाऱ्यांशी बोलणे मे महिन्यात झालेले असले, तर पुरात एका फोनवर माल निघतो. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा फोन करून ओळख सांगायची म्हटली, तर पूर ओसरून जातो.

पाणी ओसरल्यावर

पाणी उतरू लागले की दुसरा पूर सुरू होतो, मदतीचा. मी हे कुणाला दुखावण्यासाठी म्हणत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लोकांनी ट्रक भरून पाठवले. पण त्या दिवसांत मी जे पाहिले ते सांगायलाच हवे. महामार्गालगतच्या एका गावात एकाच दिवशी पाच संस्थांचे ट्रक थांबले. आतल्या वाटेवरच्या, सहा किलोमीटर चिखल तुडवून जावे लागणाऱ्या गावात त्या दिवशी एकही गाडी गेली नाही. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. त्या कपड्यांत माया होती, पण ते निवडायला, आकाराप्रमाणे लावायला, धुवायला माणसे लागतात, आणि ती माणसे त्या वेळी चिखल काढण्याच्या कामातून ओढून घ्यावी लागली.

हे का घडते? बाहेरून येणारा मोठा ट्रक जिथवर डांबरी रस्ता मोकळा आहे तिथवरच येतो. पाणी ओसरले म्हणजे रस्ता सुरू झाला असे नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना मातीचा भराव असतो, आणि पाणी उतरताना तो आतून पोखरला जातो. वरून डांबर सपाट दिसते, खाली पोकळी असते. २०१९ मध्ये शिरोलीजवळचा महामार्ग मोकळा केला तोही सावकाश, आधी जड वाहनांसाठी, एका बाजूने. गावच्या छोट्या मोऱ्यांकडे बघायला तर कुणी नसते. म्हणून दहाचाकी ट्रकने मोठ्या गावात थांबायचे, तिथून ट्रॅक्टर-ट्रॉलीने पुढे जायचे आणि शेवटचा तुकडा माणसांच्या डोक्यावरून. माल जिथे एका वाहनातून दुसऱ्यात जातो, तिथे हमाल लागतात, ताडपत्रीखालची कोरडी जागा लागते आणि एक माणूस वही घेऊन लागतो. ५० किलोचे पोते ट्रकमध्ये सोयीचे असते. बोटीत आणि चिखलात ते जड जाते. शेवटच्या तुकड्यासाठी माल १५-२० किलोच्या, प्लास्टिकमध्ये बांधलेल्या गाठोड्यांत आधीच बांधलेला हवा.

आणि ती वही हे समन्वयाचे खरे साधन आहे. समन्वय म्हणजे बैठक नव्हे. समन्वय म्हणजे तालुक्याच्या वेशीवर एक टेबल, एक वही आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकला तीन प्रश्न. तुमच्याकडे काय आहे, किती आहे, आणि कुठे निघालात? समोर फळ्यावर गावांची यादी असते. कोणत्या गावाला काल काय मिळाले, आज काय हवे. ट्रकवाल्याने मनाशी ठरवलेल्या गावाला काल तीन गाड्या गेल्या असतील, तर त्याला फळा दाखवायचा आणि चौथ्या गावाची वाट दाखवणारा एक स्थानिक पोरगा सोबत द्यायचा. दान देणाऱ्याला अडवायचे नाही, वाट दाखवायची. लॅटिन अमेरिकेत पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात याच कामासाठी एक पद्धत बसवली. तिचा गाभा साधा आहे. आलेला माल दारातच तीन भागांत वेगळा करायचा. ताबडतोब लागणारा, नंतर लागणारा, आणि आता न लागणारा. तिसऱ्या भागाने पहिल्याची वाट अडवता कामा नये.

हे नीट चालले आहे की नाही, ते कसे ओळखायचे? गोदामवाल्याच्या नजरेने काही खुणा सांगतो. सलग दोन दिवस गोदामात येणारा माल बाहेर जाणाऱ्या मालापेक्षा जास्त असेल, तर पुढे कुठेतरी वाट तुंबली आहे, आणखी माल मागवू नका, वाट मोकळी करा. ट्रॉल्या दुपारपर्यंत रिकाम्या उभ्या असतील, तर हमाल कमी आहेत. फळ्यावर काही गावांसमोर रकाना सलग दोन दिवस कोरा असेल, तर त्या गावाला काही नको आहे असे समजू नका. बहुधा तिथून सांगणाराच कुणी पोचलेला नाही. सगळ्यात जास्त गरज असलेल्या गावाचा आवाज सगळ्यात कमी येतो. त्या कोऱ्या रकान्याकडे पहिली ट्रॉली पाठवा.

गावात माल पोचल्यावरही वाटपाचे एक शेवटचे पाऊल राहते. नदीकाठच्या वाड्या, गावकुसाबाहेरच्या वस्त्या, बाहेरून आलेले मजूर यांची नावे रेशनच्या यादीत त्या गावाला लागलेली नसतात. आधी नेऊन ठेवलेल्या साठ्याच्या हिशेबात ही माणसे धरायलाच हवीत. रेशनकार्डाप्रमाणे साठा आणि तोंडाप्रमाणे वाटप, यांतला फरक किती आहे हे मे महिन्यात मोजून ठेवले नाही, तर ऑगस्टमध्ये रांगेत भांडण होते आणि मागे राहतात ती हीच माणसे.

भिंतीवरची पाटी

श्रोतेहो, मी निवृत्त माणूस आहे. माझ्या हातात आता गोदामाची किल्ली नाही. पण या सभागृहात सरपंच आहेत, शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, बोट चालवणारी मुले आहेत. तुमच्याकडे मी एकच मागणे मागतो. प्रत्येक नदीकाठच्या गावाने येत्या मे महिन्याच्या आत शाळेच्या भिंतीवर एक पाटी रंगवावी. तिच्यावर चार ओळी असाव्यात. आपल्या गावाचा कोणता रस्ता राजाराम बंधाऱ्याच्या किंवा आयर्विन पुलाच्या किती फुटांना बंद होतो. जनावरे किती फुटांना कुठे न्यायची. धान्य, गोळ्या आणि पेट्रोल कुठल्या खोलीत आहे. किल्ली कोणाकडे आहे. पहिली ओळ गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत मोरीवर पाणी कधी आले हे त्यांना आठवते. ती माणसे आहेत तोवर हे लिहून घ्या.

त्या पाटीचीच एक प्रत तालुक्याच्या गोदामात लावा. मग इशारा पातळीची बातमी येईल तेव्हा गोदामावरचा माणूस नकाशा शोधत बसणार नाही. तो पाटी वाचेल आणि रस्ता बंद व्हायच्या आत ट्रक सोडेल. २०१९ मध्ये माझ्या दारात जो ट्रक तीन दिवस उभा राहिला, त्यात गहू होता, डिझेल होते, चालकही बसलेला होता. फक्त तो निघायचा दिवस कुणी कुठे लिहून ठेवलेला नव्हता.